डिपॉझिट परत आले, पण हिशोब जुळला का?

मे-जूनमध्ये पुण्यात भाड्याची घरे मोठ्या संख्येने रिकामी होतात. मुलांच्या शाळा, नोकरीतल्या बदल्या आणि कराराची संपणारी मुदत या साऱ्यांचा मेळ याच काळात बसतो. घर सोडल्यावर काही दिवसांनी घरमालकाचा निरोप येतो : ‘डिपॉझिट ट्रान्सफर केले आहे, बघून घ्या.’ भाडेकरू खाते उघडतो, अपेक्षेपेक्षा कमी रक्कम दिसते आणि फोनवर वाद सुरू होतो. बहुतेक वेळा तो रंगाच्या पैशांवरून पेटतो, कारण तीच सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त बोचणारी कपात असते.

पण वादाची ही सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते. डिपॉझिटच्या परतीचा हिशोब तीन कागदांवर उभा असतो : नोंदवलेला करार, घरमालकाने दिलेली कपातीची यादी आणि बँकेचे स्टेटमेंट. आधी यादी आणि स्टेटमेंट ताडून पाहायचे. ती तपासणी निव्वळ गणिताची आहे, तिथे मतभेदाला जागाच नाही. त्यानंतर यादी आणि करार ताडायचे. ही तपासणी हक्काची आहे. या दोन्ही एकत्र केल्या की भाडेकरूला आपण नेमके किती रुपये, कशासाठी मागतो आहोत हे सांगता येत नाही, आणि ते सांगता आले नाही तर समोरचा माणूस प्रामाणिक असला तरी हिशोब मिटत नाही.

हा आढावा महाराष्ट्रातल्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराखालच्या राहत्या घरांपुरता आहे. पुण्या-मुंबईतली भाड्याची बहुतेक घरे आज याच कराराने दिली जातात.

करारात काय लिहिलेले असते

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा प्रत्येक करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात खरा नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने ती केली नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार घरमालकावर येतो. नोंदणी न करण्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

नोंदणीत डिपॉझिटचा आकडा स्वतंत्रपणे लिहावा लागतो, कारण मुद्रांक शुल्क काढताना तो लागतो. मुदतीतले एकूण भाडे, परत न करण्याची रक्कम असल्यास ती, आणि परत करण्याच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेले मानीव व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के शुल्क बसते. म्हणजे डिपॉझिट परत करायचे आहे ही गोष्ट सरकारदफ्तरी नोंदलेली असते. इथेच एक चूक वारंवार होते. शुल्क वाचवायला किंवा घरमालकाच्या आग्रहामुळे करारात 50,000 लिहिले जातात आणि उरलेले 50,000 रोख दिले जातात. परतीच्या वेळी या दुसऱ्या 50,000 चा पुरावा उभा करणे फार कठीण जाते. करारातल्या आकड्यापेक्षा जास्त रक्कम दिली असेल, तर तिची बँकेतली नोंद किंवा सही केलेली पावती हाताशी हवी.

आकड्यानंतर चार वाक्ये शोधायची. पहिले, डिपॉझिट कधी परत करायचे : ताबा देताना की अमुक दिवसांत. दुसरे, कशासाठी कपात करता येईल. ठरावीक मसुद्यात थकलेले भाडे, वीज-गॅसची बिले आणि भाडेकरूकडून झालेले नुकसान हे तीन विषय असतात, आणि नुकसानीतून ‘सामान्य वापराने होणारी झीज’ वगळलेली असते. तिसरे, नोटिशीची मुदत कशी मोजायची. चौथे, दुरुस्ती कोणी करायची. रंगकामासाठी किंवा साफसफाईसाठी ठरलेली रक्कम असेल, तर तीही इथेच दिसते. बंगळुरूमध्ये घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगापोटी कापण्याची रीत आहे आणि तिकडे राहिलेले अनेक जण ती सगळीकडे चालते असे मानतात. पण रीत करारात उतरली असेल तरच तिला धरून कपात करता येते.

ताबा देण्याचा दिवस

हिशोबाचा निम्मा पुरावा चावी देण्याच्या दिवशी तयार होतो. तो नंतर मिळत नाही. त्या दिवशी वीज मीटरचा आणि पाईप गॅसच्या मीटरचा फोटो घ्यावा, त्यात मीटरचा क्रमांक आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसावेत. प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ घ्यावा : भिंती, छत, ओट्याखालची कपाटे, बाथरूमचे नळ, खिडक्यांच्या जाळ्या. मग एका कागदावर तारीख, मीटरचे आकडे, दिलेल्या चाव्यांची संख्या आणि दिसलेल्या त्रुटी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घरमालक परगावी असेल, तर हेच सारे त्याच दिवशी मेसेज किंवा ईमेलने पाठवावे. उत्तर आले नाही तरी आपल्या बाजूची तारीखवार नोंद राहते.

डिपॉझिट मिळेपर्यंत चावीच द्यायची नाही, असा सल्ला ओळखीपाळखीतून हमखास मिळतो. तो धोक्याचा आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. पैसे परत मिळेपर्यंत राहण्याची मुभा देणारे वाक्य काही करारांत असते. ते नसेल, तर मुदतीत ताबा द्यावा आणि पैशांची मागणी लेखी ठेवावी. चावी आणि रक्कम एकाच बैठकीत देण्या-घेण्याचे आधीच ठरवून घेणे यापेक्षा कितीतरी चांगले.

एक हिशोब, पहिल्या ओळीपासून

उदाहरणासाठी पुण्यातले दोन बेडरूमचे घर धरू. करार 1 जून 2023 ते 31 मे 2025. पहिल्या वर्षी भाडे 24,000, दुसऱ्या वर्षी 25,200. डिपॉझिट 75,000, बँकेतून दिलेले आणि करारात तेवढेच नोंदवलेले. नोटीस एक महिन्याची. कपातीची परवानगी थकबाकी, वीज-गॅस आणि ‘सामान्य झीज वगळून झालेले नुकसान’ यांसाठी. घर स्वच्छ करून द्यायचे आहे. मोठ्या दुरुस्त्या घरमालकाकडे. रंगाबद्दल वेगळे काही लिहिलेले नाही. भाडेकरू जोडप्याने 20 एप्रिलला ईमेलने नोटीस दिली आणि 20 मेला ताबा दिला. मे महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायचे, हे मेसेजवर ठरले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाची यादी आली : मेचे भाडे 25,200, रंगकाम 18,000, वीज व गॅस 2,600, साफसफाई 2,500, गीझर 6,500, कपाटाचा दरवाजा 3,200. बेरीज 58,000. खात्यात जमा झाले 15,000.

पहिली तपासणी गणिताची. 75,000 मधून 58,000 गेले तर 17,000 यायला हवेत. आले 15,000. म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीला मान डोलावली, तरी 2,000 रुपयांचे उत्तर घरमालकाच्याच कागदात नाही. हा फरक सर्वांत आधी आणि एकटाच विचारावा. बऱ्याचदा उत्तर साधे असते : बेरजेत चूक झालेली असते किंवा ‘किरकोळ खर्च’ लिहायचे राहिलेले असते. रंगाच्या वादात हा प्रश्न मिसळला, तर तो कायमचा हरवतो.

दुसरी तपासणी करारानुसार, एकेका ओळीची. भाड्यापासून सुरुवात करू. नोटीस 20 एप्रिलला दिली, महिना 20 मेला भरला, ताबाही त्याच दिवशी दिला. तेव्हा वीस दिवसांचे भाडे देणे लागते : 25,200 भागिले 31 गुणिले 20, म्हणजे 16,258 रुपये. घरमालकाने पूर्ण महिना धरला म्हणून 8,942 जास्त कापले गेले. इथे करारातला शब्द महत्त्वाचा ठरतो. ‘नोटीस महिनाअखेरीस संपणारी असावी’ असे लिहिले असते, तर घरमालक बरोबर ठरला असता.

वीज आणि गॅसच्या 2,600 रुपयांना मीटरच्या फोटोंचा आणि बिलांचा आधार मिळाला, म्हणून ते मान्य. पण ही ओळ तपासण्याची रीत माहीत असायला हवी. महावितरणचे बिल रीडिंगच्या तारखेला कापले जाते, घर सोडण्याच्या तारखेला नाही. त्यामुळे शेवटच्या बिलात पुढच्या भाडेकरूची किंवा रंगाऱ्यांनी वापरलेली युनिट्सही येऊ शकतात. मागच्या बिलाचे रीडिंग आणि ताबा दिलेल्या दिवसाचे रीडिंग यांतला फरक तेवढा आपला. बिलात मागची थकबाकी मिळवलेली असेल आणि ती आपण आधीच भरली असेल, तर तीच रक्कम दुसऱ्यांदा कापली जाते. म्हणून भरल्याच्या पावत्या शेजारी ठेवून वाचावे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महावितरण वापर वाढल्यावर अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल पाठवते. ती ठेव वीजजोडणीच्या नावावर, म्हणजे घरमालकाकडे राहते. राहत्या काळात ते बिल भाडेकरूने भरले असेल, तर ती रक्कम डिपॉझिटबरोबर मागून घ्यायची असते.

साफसफाईसाठी 2,500 कापले, पण पावती 1,800 ची दिली. ओट्यावरच्या चिमणीला तेलाचा थर होता हे भाडेकरूच्या व्हिडिओतही दिसते, म्हणून 1,800 मान्य, 700 परत. कपाटाचा दरवाजा बिजागरीतून निखळला होता; तो वापरताना तुटला, सुताराची पावती आहे, पूर्ण 3,200 मान्य. गीझरचे तसे नाही. पाणी नीट तापत नसल्याचा मेसेज भाडेकरूने जानेवारीतच पाठवला होता आणि पाहायला आलेल्या मेकॅनिकने कॉइलवर क्षारांचा थर असल्याचे लिहून दिले होते. टँकरच्या जड पाण्याने गीझरची कॉइल अशी जाते. ती भाडेकरूच्या हातून झालेली मोडतोड ठरत नाही, आणि दुरुस्ती कराराने घरमालकाकडे आहे. म्हणून 6,500 परत.

राहिला रंग. घरमालकाने 18,000 लावले, पावती नाही. हॉलच्या एका भिंतीवर मुलाने खडूने काढलेल्या रेघा आणि खिळ्यांची भोके आहेत. बाकी भिंती दोन वर्षांच्या वापराने थोड्या मळल्या आहेत. त्या एका भिंतीचे काम रंगाऱ्याने 2,800 सांगितले. तेवढे मान्य, 15,200 परत.

सारे एकत्र मांडले की चित्र असे दिसते :

| बाब | कापले | करारानुसार | फरक |
|---|---|---|---|
| भाडे | 25,200 | 16,258 | 8,942 |
| रंगकाम | 18,000 | 2,800 | 15,200 |
| वीज व गॅस | 2,600 | 2,600 | 0 |
| साफसफाई | 2,500 | 1,800 | 700 |
| गीझर | 6,500 | 0 | 6,500 |
| कपाट | 3,200 | 3,200 | 0 |
| यादीत नसलेले | 2,000 | 0 | 2,000 |
| एकूण | 60,000 | 26,658 | 33,342 |

करारानुसार 48,342 परत यायला हवे होते. आले 15,000. मागणी 33,342 रुपयांची. या तक्त्यात भाडेकरूने 26,658 रुपये स्वतःहून मान्य केले आहेत, आणि हीच त्याची ताकद आहे. ‘सगळे डिपॉझिट परत द्या’ असे म्हणणाऱ्याचे म्हणणे पहिल्याच पावतीला ढासळते. प्रत्येक ओळ वेगळी तपासणाऱ्याचे म्हणणे टिकते.

झीज कुठे संपते, नुकसान कुठे सुरू होते

रंगाचा वाद इतका चिवट का असतो, हे समजून घ्यायला हवे. नवा भाडेकरू येण्याआधी घर रंगवणे घरमालकाला भाग असते, खर्च खराच होतो, आणि हाताशी डिपॉझिट असते. पण खर्च झाला म्हणून तो जुन्या भाडेकरूने द्यावा, असे होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मध्ये भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्यावर ती घेतली तशी परत करण्याचे बंधन आहे, पण त्यातून वाजवी वापराने झालेली झीज वगळलेली आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यांतही हीच अट असते. उन्हाने फिकट झालेला रंग, सोफ्यामागे घासलेली भिंत, नळाचे गेलेले वॉशर ही झीज. फुटलेले बेसिन, जळलेला ओटा, परवानगीशिवाय पाडलेली भोके हे नुकसान.

नुकसान ठरल्यावरही पूर्ण किंमत मिळतेच असे नाही. वस्तूचे वय पाहावे लागते. चार-पाच वर्षे टिकणारा रंग दोन वर्षे वापरून झाला असेल, तर घरमालकाचे नुकसान उरलेल्या आयुष्यापुरते आहे. हा नियम काटेकोर लावला तर त्या भिंतीचे 2,800 सुद्धा कमी होतील. पण एवढ्या रकमेसाठी घासाघीस न करता ती सोडल्याने मोठ्या ओळींवरची चर्चा सोपी होते.

करारात ‘रंगापोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ असे असेल तर? सही केली आहे, तेव्हा भाडेकरूची बाजू कमजोर होते. तरीही भारतीय करार अधिनियमाचे कलम 74 इथे लागू पडू शकते. करारभंगासाठी आधीच ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. कैलास नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या 2015 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की काहीच नुकसान झाले नसताना अनामत जप्त करता येत नाही. मात्र ठरलेली रक्कम सेवेचे शुल्क म्हणून लिहिलेली असेल, तर हा युक्तिवाद तितका चालत नाही. म्हणून या वाक्यावरची चर्चा सही करण्यापूर्वी व्हायला हवी.

‘पाठवले आहेत’ म्हणजे काय

घरमालकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे. प्रत्येक व्यवहाराला संदर्भ क्रमांक असतो. एनईएफटी आणि आरटीजीएसला यूटीआर, यूपीआय आणि आयएमपीएसला बारा आकडी क्रमांक. तो मागून घ्यावा आणि आपल्या स्टेटमेंटमध्ये शोधावा. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाने तिची खेप सुटते, आणि खेप मिटल्यापासून दोन तासांत रक्कम जमा व्हावी किंवा परत जावी असा नियम आहे. दोन दिवसांनंतरही रक्कम दिसत नसेल, तर ती वाटेत आहे असे समजून थांबू नये. खाते क्रमांक चुकला किंवा व्यवहार परत गेला असण्याची शक्यता जास्त.

रक्कम कधी तुकड्यांनी येते. यूपीआयच्या मर्यादेमुळे, किंवा आधी एक रुपया पाठवून खाते तपासल्यामुळे, एकाच परतीच्या तीन-चार नोंदी दिसतात. त्या तारखेनुसार लिहून बेरीज करावी. पैसे कोणाच्या खात्यातून आले तेही नोंदवावे. घरमालक परदेशी असेल तर वडिलांच्या किंवा मुखत्याराच्या खात्यातून रक्कम येते. त्यात वावगे नाही, पण ‘ही रक्कम अमुक घराच्या डिपॉझिटची’ असा एक लेखी निरोप घ्यावा. चार मित्रांनी मिळून घेतलेल्या घरात उलट अडचण येते. रक्कम एकाच्याच खात्यात जाते आणि घरमालकाच्या बाजूने परत झालेली असते. कोणाच्या खात्यात द्यायची, हे सर्वांनी मिळून आधीच लिहून कळवावे. चेक मिळाला तर तो तीन महिन्यांत वटवायला हवा. तो न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली नोटीस पाठवायला बँकेची सूचना मिळाल्यापासून तीसच दिवस असतात.

कमी रक्कम स्वीकारताना एक काळजी फार महत्त्वाची आहे. ‘पूर्ण हिशोब मिळाला, आता काही येणे नाही’ अशा मजकुरावर सही करू नये, तशा मेसेजला होकारही देऊ नये. करार अधिनियमाच्या कलम 63 नुसार थोडी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली, तर उरलेला हक्क संपतो. त्याच दिवशी एवढेच लिहावे : ‘15,000 रुपये मिळाले. ही अंशतः परतफेड समजत आहे. उरलेल्या हिशोबाबद्दल वेगळे कळवत आहे.’

फरक मागण्याची रीत

पहिला पत्रव्यवहार तक्ता जोडून, नम्र शब्दांत करावा. प्रत्येक फरकापुढे करारातल्या कलमाचा क्रमांक आणि पुरावा लिहावा, पावत्या मागाव्यात आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. अनेक प्रकरणे इथेच मिटतात, कारण घरमालकालाही पहिल्यांदाच हिशोब ओळीओळीने समोर दिसतो. कधी तो न सांगितलेली पावती दाखवतो आणि भाडेकरूला आपला आकडा कमी करावा लागतो, तेही योग्यच.

त्यानंतर नोटीस, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. तिच्यात व्याज मागत असल्याचे स्पष्ट लिहावे. व्याज अधिनियम, 1978 नुसार परतीची तारीख लेखी करारात ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, अन्यथा व्याज मागणाऱ्या लेखी नोटिशीत दिलेल्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. पुढची पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही लोकअदालतीत ठेवता येतात, त्याला शुल्क लागत नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. अडचण एवढीच, की समोरचा आला नाही किंवा मान्य झाला नाही तर ती काही करू शकत नाही.

शेवटी दिवाणी दावा. त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मधल्या काळात घरमालकाने देणे लेखी कबूल केले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. न्यायालय कोणते हे शहरावर आणि दाव्याच्या स्वरूपावर अवलंबून असल्याने वकिलाला विचारूनच ठरवावे. 33,000 रुपयांसाठी वकील, तारखा आणि रजा यांचा खर्च कितपत झेपेल, हा प्रश्न खराच आहे, आणि घरमालकाचा हात वर राहतो तो याच कारणाने. मुंबईतल्या ‘हेवी डिपॉझिट’ व्यवहारांत, जिथे भाड्याऐवजी काही लाख रुपये ठेवायला देतात, हे गणित उलटते. तिथे कपात किरकोळ असते. भीती असते ती घरमालकाने मूळ रक्कमच खर्च करून टाकल्याची.

तिसऱ्या हाताची उणीव

इंग्लंड आणि वेल्समध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलांना वेगळी व्यवस्था दिसते. 2007 पासून तिथल्या नेहमीच्या खासगी भाडेकरारांत घरमालकाला डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावे लागते, आणि इंग्लंडमध्ये 2019 पासून बहुतेक घरांसाठी ते पाच आठवड्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. वाद झाला तर योजनेतला निवाडा मोफत असतो आणि कपात का योग्य, हे घरमालकाने पुराव्यानिशी दाखवायचे असते. आपल्याकडे केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू अधिनियमात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ताबा घेण्याच्या दिवशीच योग्य कपात करून डिपॉझिट परत करण्याची तरतूद आहे. पण तो नमुना आहे; राज्याने कायदा करून स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. शिवाय त्यातही पैसे घरमालकाच्याच हातात राहतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तोच कपात ठरवतो, ही खरी अडचण आहे.

तोवर उपाय करारातच करून घ्यावा लागतो, आणि त्याला चार वाक्ये पुरतात. ताबा दिल्यापासून पंधरा दिवसांत डिपॉझिट परत केले जाईल. प्रत्येक कपात लेखी यादीत, पावतीसह दाखवली जाईल. न आलेल्या बिलांसाठी ठरावीक रक्कम राखून बाकी लगेच दिली जाईल. उशीर झाल्यास ठरलेल्या दराने व्याज लागेल. तिसरे वाक्य घरमालकाचेही रक्षण करते. घर सोडून गेलेल्या भाडेकरूचे वीजबिल स्वतः भरलेल्या घरमालकाला त्याची किंमत कळेल. ऑनलाइन नोंदणी करून देणारे एजंट ठरावीक मसुदा पुढे करतात आणि ‘सगळ्यांचा असाच असतो’ असे म्हणतात. तरीही सही करण्यापूर्वी ही चार वाक्ये त्यात घालून घ्या. घर सोडल्यानंतर ती घालता येत नाहीत.